मोरचुदाच्या बाटलीतला थेंब

गणपतीच्या दिवसांत भाचीचा फोन आला. त्यांच्या सोसायटीच्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. ही हौसेने रांगेत उभी राहिली, फॉर्म भरला, वजन केलं, बोटाला सुई टोचून घेतली आणि दोन मिनिटांत परत आली.

"मामा, माझा थेंब तरंगला म्हणे. मग मशीनवर बघितलं तर १२.२ आलं. रक्त घेतलंच नाही. मला काही झालंय का?"

मी म्हटलं, "तुला काही झालेलं नाही. बहुतेक."

हे 'बहुतेक' तिला अजिबात आवडलं नाही. पण मी अनेक वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केलंय, आणि त्या बाटलीत हजारो थेंब टाकून झाल्यावर 'बहुतेक' हा शब्द जिभेवर बसतो तो बसतोच. तिला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहायला बसलो आहे. एका थेंबाची गोष्ट म्हणून सुरू केली, पण ती बरीच लांब जाते.

त्या निळ्या बाटलीत असतं मोरचूद. कॉपर सल्फेट. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना हे नवीन नाही, बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर हेच पडतं. रक्तपेढीत मात्र ते अगदी मोजून पातळ केलेलं असतं, इतकं की त्याचं विशिष्ट गुरुत्व बरोबर १.०५३ यावं. म्हणजे एक लिटर पाणी एक किलोचं धरलं, तर हे एक लिटर त्याहून ५३ ग्रॅमने जड.

ही युक्ती दुसऱ्या महायुद्धातली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि रॉबर्ट फिलिप्स या मंडळींपुढे प्रश्न होता जखमी सैनिकांचा. भाजलेल्या किंवा शॉकमध्ये गेलेल्या माणसाच्या रक्तातलं पाणी किती कमी झालंय, त्याला प्लाझ्मा किती द्यायचा, हे आघाडीवर कसं ओळखायचं? तिथे ना प्रयोगशाळा, ना वीज. त्यांनी वेगवेगळ्या घनतेच्या मोरचुदाच्या बाटल्यांची रांग केली. थेंब टाकत जायचं आणि कोणत्या बाटलीत तो बुडतो, कोणत्यात तरंगतो ते बघायचं. सविस्तर निबंध १९५० साली छापून आला, पण पद्धत युद्धातच वापरात आली होती. पुढे १९४७ साली इजिप्तमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा फिलिप्स ह्याच बाटल्या घेऊन कैरोला गेले. कॉलऱ्यातही प्रश्न तोच, अंगातलं पाणी किती गेलं?

रक्तपेढ्यांना एवढी रांग नको होती. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता, की ह्या माणसाचं रक्त घेण्याइतकं दाट आहे का. म्हणून रांगेतली एकच बाटली उरली, १.०५३ ची. साधारण १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेलं रक्त ह्या घनतेचं असतं. लाल पेशी जड, भोवतालचा प्लाझ्मा त्या मानाने हलका, त्यामुळे पेशी जास्त तर थेंब जड. मोरचुदात पडल्याबरोबर थेंबाभोवती तांबं आणि प्रथिनं यांची एक पातळ पिशवी तयार होते आणि पंधरा सेकंदांपर्यंत आतलं रक्त बाहेरच्या पाण्यात मिसळत नाही. तेवढ्या वेळात थेंब तळाकडे गेला तर पास. मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर नापास.

इतकं सोपं. आणि सोपं असल्यामुळेच चुकायला भरपूर वाव. थेंब एक सेंटीमीटरभर उंचीवरून सोडायचा असतो. हात उंच धरला तर पडण्याच्या जोराने हलका थेंबही खोल जातो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर चांगला जड थेंब तरंगतो. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं तर मांसातलं पाणी मिसळतं, थेंब हलका होतो आणि धडधाकट माणूस नापास होऊन घरी जातो. प्रत्येक थेंबाने द्रावण थोडंथोडं बिघडत जातं, म्हणून ३० मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीसेक दाते झाले की ती ओतून नवी घ्यायची.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मे महिना, तालुक्याच्या गावी शिबिर, पत्र्याची शेड. सकाळी सगळं ठीक चाललं होतं. अकरा-साडेअकराच्या पुढे मात्र जो येईल त्याचा थेंब तरंगायला लागला. तालमीतली पोरं, शेतात राबणारे गडी, सगळे नापास! आमच्याबरोबरचे एक जुने तंत्रज्ञ उठले, काही न बोलता हायड्रोमीटर बाटलीत सोडला आणि मला दाखवला. मी साठ्याच्या बाटलीचं झाकण सकाळपासून उघडं ठेवलं होतं. त्या उन्हात पाणी उडून गेलं, द्रावण दाट झालं, आणि त्या दाट पाण्यात कुणाचंही रक्त हलकंच ठरत होतं. परत पाठवलेल्या लोकांना बोलावून आणायला माणूस धाडला. निम्मेअधिक आलेच नाहीत. "रक्त कमी आहे" असं एकदा ऐकलेला माणूस सहसा परत येत नाही.

(उलटही करता येतं हे तेव्हाच लक्षात आलं. बाटलीत थोडं पाणी घातलं की सगळेच पास. हे डोक्यात राहू द्या, पुढे लागेल.)

आता भाचीचा खरा प्रश्न. १२.५ च का? आणि १२.२ म्हणजे आजार का?

जागतिक आरोग्य संघटनेने रक्तक्षयाची जी मर्यादा घातली आहे ती प्रौढ पुरुषाला १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रीला १२. म्हणजे १२.२ ची बाई ह्या हिशेबाने निरोगी आहे, आणि १२.६ चा पुरुष रक्तक्षयी. पण रक्तदानाच्या टेबलावर बाई नापास होते आणि पुरुष पास! दोघांच्या मधोमध एक रेघ मारली की असंच होणार. युरोपने २००४ साली रेघा वेगळ्या केल्या, बायकांना १२.५ आणि पुरुषांना १३.५. अमेरिकेत वर्षानुवर्षं दोघांनाही १२.५ होती, ती २०१६ मध्ये पुरुषांसाठी १३ केली. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही स्त्री-पुरुष दोघांना १२.५ च ठेवली. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. शिबिरात बायकांची रांग निम्म्यावरच का तुटते हे वेगळं सांगायला नको.

मग बायकांसाठी रेघ १२ वर आणावी का? माझं मत विचाराल तर नको, आणि त्याचं कारण हिमोग्लोबिनमध्ये नाही, लोखंडात आहे. हिशेब सोपा आहे. १२.५ म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन. ३५० मिलिलिटरची पिशवी घेतली तर सुमारे ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं. एका ग्रॅममध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे सुमारे १५० मिलिग्रॅम लोह त्या पिशवीबरोबर निघून गेलं. बाईच्या शरीरात साठवलेलं लोह मुळात चांगल्या स्थितीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आपल्याकडे कित्येकींचं त्याहूनही कमी. जेवणातून रोज एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं, त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेत आणि पाळीत जातं. रोजचा एक मिलिग्रॅम शिल्लक पडला असं उदार मनाने धरलं तरी भरपाईला १५० दिवस लागतात. नियम म्हणतो, पुरुषांनी ९० दिवसांनी आणि बायकांनी १२० दिवसांनी पुन्हा रक्त द्यावं. म्हणजे नियमाचं काटेकोर पालन करणारी बाईसुद्धा दर वेळी महिनाभराची उधारी डोक्यावर घेऊन टेबलावर येते.

आणि ही उधारी थेंबाला दिसत नाही. शरीर आधी साठा मोडतं, हिमोग्लोबिन शेवटी उतरतं. पगार थकला तरी घरखर्च काही महिने बचतीवर चालतो, तसं. साठा बघायचा तर फेरिटिनची तपासणी करावी लागते, ती शिबिरात होत नाही. वर्षानुवर्षं नेमाने रक्त देणारे, बारीक थकवा असलेले आणि तरीही थेंब बुडणारे दाते मी पाहिलेत.

आता ज्या गोष्टीसाठी ही रेघ खरी कसोटीला लागली, त्या गोष्टीकडे येतो. भाचीच्या पिढीला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. आपल्याकडे रक्त विकलं जायचं. चोरून नाही, उघड. इस्पितळाच्या बाहेर माणसं बसलेली असायची. हमाल, रिक्षा ओढणारे, बेकार, व्यसनी. रुग्णाच्या नातेवाइकाने त्यांना पैसे द्यायचे आणि त्यांनी 'भाऊ' किंवा 'चुलता' म्हणून रक्त द्यायचं. तीन महिन्यांनी द्यायचं ते महिन्यातून अनेकदा दिलं जायचं. अशा माणसाचं हिमोग्लोबिन किती असणार? त्याच्या आणि सुईच्या मध्ये उभी असलेली एकच गोष्ट म्हणजे ती निळी बाटली. आणि जिथे धंदाच करायचा तिथे ती बाटली पाण्याने पातळ करायला किंवा टेबलावरच न ठेवायला कितीसा वेळ लागतो?

विकलेलं रक्त विकणाऱ्याला घातक, हे कुणालाही समजतं. ते घेणाऱ्याला किती घातक, हे अमेरिकेत आधी मोजलं गेलं. बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर हे डॉक्टर हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा करत होते. १९६० च्या दशकात त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना रक्तामुळे कावीळ होत होती. तीनांत एक! १९७० साली तिथे दोन गोष्टी झाल्या. पैसे देऊन रक्त घेणं बंद केलं आणि तेव्हा नुकतीच सापडलेली कावीळ-बी ची चाचणी सुरू केली. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. त्या काळच्या बी च्या चाचण्या अगदी भोंगळ होत्या, पुष्कळ लागण त्यांतून निसटायची. त्यामुळे ह्या उतरणीचं मोठं श्रेय चाचणीला नाही तर दाता बदलण्याला दिलं जातं. विशेष म्हणजे जे दहा टक्के उरले ते ए पण नव्हते आणि बी पण नव्हते. त्या तिसऱ्या विषाणूला, म्हणजे सी ला, नाव मिळायला १९८९ उजाडलं. ज्याचं नावही ठाऊक नव्हतं आणि ज्याची चाचणी जगात कुठेच नव्हती, असा विषाणू केवळ दाता नीट निवडल्यामुळे वीस वर्षं आधीच निम्म्याहून अधिक अडवला गेला होता.

आपल्याकडे हे व्हायला कोर्टात जावं लागलं. १९८६ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, देशातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. १९८९ पासून प्रत्येक पिशवीची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. पण सक्ती कुणावर? 'कॉमन कॉज' ह्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली तिच्या ४ जानेवारी १९९६ च्या निकालपत्रात नोंद आहे, की देशातल्या १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना होत्या. न्यायालयाने सांगितलं, वर्षभरात सगळ्यांना परवाने घ्यायला लावा आणि दोन वर्षांत धंदेवाईक दाते बंद करा. त्याप्रमाणे १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीवर बंदी आली. विक्री त्या दिवशी संपली असं नाही. 'चुलते' पुढेही बरीच वर्षं भेटत राहिले. पण त्यांना हाकलायचा कायदा हातात आला हे मोठंच.

कावीळ-सी ची चाचणी आपल्याकडे सक्तीची झाली ती २००१ मध्ये. अमेरिकेत ती १९९० पासून होत होती. मधल्या दहा-अकरा वर्षांत दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढवून घेणारी थॅलॅसेमियाची मुलं होती, आणि त्यांना जगायला तेच रक्त लागत होतं. ह्यावर मला अधिक काही लिहिता येत नाही.

आज प्रत्येक पिशवीवर पाच गोष्टी तपासणं बंधनकारक आहे. एचआयव्ही, कावीळ-बी, कावीळ-सी, सिफिलिस आणि हिवताप. पिशवीबरोबर छोट्या नळ्यांत वेगळं रक्त घेतात, चाचणी त्यावर होते आणि निकाल येईपर्यंत पिशवी वेगळ्या कप्प्यात पडून राहते. ह्यांतल्या दोन चाचण्यांबद्दल आतल्या माणसांचं मत जरा वेगळं असतं. सिफिलिसचे जंतू शीतकपाटात काही दिवसांतच मरतात, त्यामुळे ती चाचणी जंतूपेक्षा दात्याच्या जोखमीविषयी जास्त सांगते. आणि हिवतापाचे जंतू दात्याच्या अंगात इतके विरळ असू शकतात की काचपट्टीवर सापडतीलच असं नाही. तिथे "तीन महिन्यांत थंडी-ताप येऊन गेला का?" हा प्रश्न काचपट्टीपेक्षा उपयोगी पडतो.

पण खरी अडचण चांगल्या चाचण्यांचीही आहे, आणि तिला 'विंडो पिरियड' म्हणतात. लागण झाली आहे पण चाचणीत अजून दिसत नाही, असा मधला काळ. उदाहरण घेऊन बघू.

समजा, एका तरुणाला १ जूनला एचआयव्हीची लागण झाली. ११ जूनला तो शिबिरात आला. त्याला बरं वाटतंय, वजन ठीक, थेंब बुडाला. एलायझा चाचणी जे शोधते ते शरीरात दिसायला नव्या पद्धतीनेही दोनेक आठवडे लागतात, जुन्या पद्धतीने तीन. त्याला दहाच दिवस झालेत, म्हणून निकाल 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' येतो. तंत्रज्ञाने काहीही चूक केलेली नाही. पिशवीचे तीन भाग होतात. प्लेटलेट पाच दिवसांच्या आत एखाद्या डेंग्यूच्या रुग्णाला जातात. लाल पेशी महिन्याभरात बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला. प्लाझ्मा गोठवून ठेवला जातो, तो वर्षभर टिकतो. ऑक्टोबरमध्ये तो तरुण पुन्हा येतो आणि ह्या वेळी चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह निघते. मग रजिस्टरं मागे उलगडायची. जूनची पिशवी कुठे गेली? प्लाझ्मा अजून फ्रीजरमध्ये असेल तर तो वाचला. बाकीच्या दोघांना शोधायचं. रजिस्टर नीट असेल तर ते सापडतात. नसेल तर सापडत नाहीत.

विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी 'नॅट' नावाची चाचणी हा काळ आणखी कमी करते, एचआयव्हीसाठी दीड आठवड्यापर्यंत. सी साठी तर फरक फार मोठा पडतो, कारण सी च्या प्रतिपिंडांना दिसायला दोनेक महिने लागतात. पण ती महाग, आणि २०२० साली सुधारलेल्या नियमांतही ती प्रत्येक पिशवीला सक्तीची केलेली नव्हती. शिवाय तीही विंडो लहान करते, बंद करत नाही. त्या दहा दिवसांच्या फटीत उभी राहू शकणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फॉर्मवरचा प्रश्न. त्याचं उत्तर फक्त त्या तरुणाला माहीत आहे.

आणि तो प्रश्न आपण कुठे विचारतो? मांडवात, लाउडस्पीकरखाली, शेजारी मंडळाचा अध्यक्ष आणि मागे कॉलेजचे मित्र उभे असताना. "गेल्या वर्षात असुरक्षित शरीरसंबंध?" पेन घेऊन एकामागून एक 'नाही' वर खुणा करत गेलेले फॉर्म मी ढिगाने पाहिलेत, सगळ्या खुणा एका सरळ रेषेत. त्यात पुन्हा बॅग, हेल्मेट, छत्री अशी भेटवस्तू असली तर मागच्या वर्षी झालेली कावीळ कोण कबूल करील? कावीळ कोणती होती हे नक्की माहीत असेल आणि ती ए किंवा ई असेल तर बरं झाल्यावर वर्षभराने रक्त देता येतं. बी किंवा सी असेल, किंवा कोणती ते माहीतच नसेल, तर कायमचं नाही. "लहानपणी झाली होती, आजीने झाडपाला दिला" असं सांगणाऱ्या भल्या माणसाला कायमचं परत पाठवताना वाईट वाटतं. पण त्याने सांगितलं हेच विशेष. गोंदवून घेतलं असेल तर एक वर्ष थांबायचं, हेही बहुतेकांना तिथे आल्यावर कळतं.

प्रश्न अवघड म्हणून गट करून टाकायचा, हा सोपा मार्ग. २०१७ च्या सूचनांत तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया यांना सरसकट वगळलं. २०२१ मध्ये ह्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. त्याच वर्षी ब्रिटनने आणि २०२३ मध्ये अमेरिकेने गट सोडून प्रत्येक दात्याला सारखेच प्रश्न विचारायची पद्धत आणली. गटांतलं लागणीचं प्रमाण खोटं नाही, ते आकडे मी नाकारत नाही. पण माझा अनुभव असा, की गट वगळला की टेबलावरचा माणूस निर्धास्त होतो आणि समोरच्या 'सभ्य' दात्याला प्रश्न नीट विचारतच नाही. वरच्या उदाहरणातला तरुण कुठल्याच वगळलेल्या गटातला नव्हता.

एक गोष्ट इतक्या वर्षांनीही जात नाही. नव्वदच्या दशकात एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह निघालेली पिशवी आम्ही नष्ट करायचो आणि दात्याला कळवायची पद्धतच नव्हती. चाचणी पिशवीची होती, माणसाची नाही, असा तेव्हाचा विचार. रजिस्टरमध्ये नाव समोर दिसायचं, हातात पिशवी असायची, आणि तो माणूस तीन महिन्यांनी हसत पुन्हा दारात. आम्ही काहीतरी कारण सांगायचो, बी.पी. जास्त आहे, थेंब तरंगला. हो, थेंब तरंगला असंच सांगायचो पुष्कळदा. आता दात्याला बोलावून, समजावून, समुपदेशन केंद्राकडे पाठवतात. तेव्हा ती बाटली आमच्या उपयोगी पडली, पण त्या माणसाच्या नाही.

असो. भाचीला मी म्हटलं, "१२.२ म्हणजे आजार नव्हे, पण फेरिटिन करून घे." तिने करून घेतलं. ९ आलं. साठा जवळजवळ संपलेला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, हिमोग्लोबिन वाढल्यावरही तीन महिने चालू ठेवायला सांगितलंय. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही एवढं मी माझ्याकडून बजावलं. मागच्या आठवड्यात विचारत होती, "मामा, मग पुढच्या गणपतीत जमेल ना?"

म्हटलं, "बहुतेक."